कट-ऑफच्या खालच्या मुलांना काहीच मिळालं नाही, असं गृहीत का धरलंत?

आकडेमोड_चिपळूण
ओळखीच्या मुख्याध्यापकांकडून मुलांचे आठवीतले एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेचे गुण आणि त्याच मुलांचे दहावीचे टक्के गोळा केले. दहावी 2021 ते 2024. जिल्ह्याच्या कट-ऑफच्या पाच गुण वरची आणि पाच गुण खालची मुलं घेतली. दहावीच्या सरासरीत सांगण्यासारखा फरक नाही. रिग्रेशन डिसकंटिन्युइटीचा, म्हणजे रेषेच्या लगत वरच्या-खालच्या मुलांच्या गुणांत अचानक उडी दिसते का हे बघण्याच्या पद्धतीचा, निकाल स्वच्छ आहे: महिन्याला 1,000 रुपये देऊन मुलाच्या अभ्यासावर काडीचा परिणाम होत नाही. हे पैसे शाळांच्या प्रयोगशाळांना द्या.

खाडीपलीकडे
एरवी मी वाचून पुढे जातो, पण हा ‘स्वच्छ’ निकाल उद्या कुणीतरी अधिकाऱ्यासमोर ठेवेल, म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट, ‘जिल्ह्याचा कट-ऑफ’ असा एक आकडा नसतोच. निवड जिल्हानिहाय आणि त्यात पुन्हा संवर्गनिहाय होते. खुल्या यादीची रेषा वेगळी, ओबीसीची वेगळी, एससी-एसटीची वेगळी. तुम्ही खुल्या गटाची रेषा सगळ्यांना लावली असेल, तर रेषेखालच्या तुमच्या मुलांत प्रत्यक्ष शिष्यवृत्ती घेणारी मुलं बसली आहेत. प्रत्येक मुलाचं अंतर त्याच्या त्याच्या यादीच्या रेषेपासून मोजायला हवं. त्याशिवाय रेषेवर उडी दिसणारच नाही. ती उडी चार ठिकाणी वाटली गेली.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. 180 पैकी 40 टक्के, म्हणजे 72 गुण मिळवून पात्र ठरलेल्या, पण यादीत न बसलेल्या मराठा आणि कुणबी मुलांसाठी 2021-22 पासून सारथी या सरकारी संस्थेची छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती आहे. वर्षाला 9,600 रुपये. रत्नागिरीत कुणबी किती आहेत हे मी तुम्हाला सांगायला नको. म्हणजे 2023 आणि 2024 ला दहावी झालेल्या तुमच्या मुलांत रेषेच्या वरच्या कुणबी मुलाला वर्षाला 12,000 आणि एका गुणाने हुकलेल्या त्याच्या बाकावरच्या मित्राला 9,600. दोघांतलं अंतर महिन्याला 200 रुपये. तुम्ही 1,000 रुपयांचा परिणाम मोजलेलाच नाही, 200 रुपयांचा मोजलात आणि तो दिसला नाही म्हणून योजना गुंडाळायला निघालात.

कुडाळचा_संख्याशास्त्री
सारथीचा मुद्दा मान्य, पण मूळ पद्धतीला नावं ठेवू नका. पाच गुण वर आणि पाच गुण खाली म्हणजे जवळपास चिठ्ठ्या टाकल्यासारखंच. एखादा प्रश्न बरोबर आला की मुलगा वर, चुकला की खाली. तिथे सरासरीची तुलना पुरेशी आहे.

खाडीपलीकडे
अर्धंच बरोबर आहे. चिठ्ठीसारखं असतं ते रेषेला अगदी चिकटून. 100 ची रेषा धरली तर 99 आणि 100 मधला फरक नशिबाचा म्हणता येईल, 95 आणि 104 मधला नाही. वरच्या गटाचा मध्य 102, खालच्याचा 97. एनएमएमएसच्या एका गुणामागे दहावीत 0.3 टक्के जास्त मिळतात असं धरा, तर शिष्यवृत्ती मुळात नसतानाही दोन गटांत दीड टक्क्याचा फरक यायला हवा. म्हणूनच दोन्ही बाजूंना वेगवेगळी रेघ बसवून दोन्ही रेघा 100 वर कुठे येऊन टेकतात ते बघतात.

आता गंमत नाही, काळजीची गोष्ट बघा. चिपळूणकरांना फरकच दिसला नाही. म्हणजे हा दीड टक्का वजा केला तर परिणाम उणे निघतो! पैसे मिळाल्याने गुण कमी झाले असं ते तरी म्हणतील का? याचा अर्थ एक तर रेषा चुकली आहे, नाहीतर दहावीचे टक्केच सपाट झाले आहेत. आणि 2021 ला ते झालेच होते. परीक्षा रद्द होती, नववीचे 50, दहावीच्या अंतर्गत लेखीचे 30 आणि तोंडीचे 20 असे गुण शाळेनेच दिले. कोकण बोर्डाचा निकाल त्या वर्षी 100 टक्के होता. ती मुलं या तुलनेत घेऊच नका.

वेंगुर्ल्याची_आई
माझ्या झिलाचो एका गुणानं नंबर हुकलो. आमी सारथीत बसनव नाय, म्हणजे काय्येक मिळूक नाय. त्याने रागाने अभ्यास केला. आंब्याच्या हंगामात पेट्या भरायला जायचा तेवढे दिवस सोडले तर पुस्तक खाली ठेवलं नाही. दहावीला 89 टक्के. मग तुमच्या हिशोबात माझा मुलगा शिष्यवृत्ती निरुपयोगी असल्याचा पुरावा झाला काय? त्याने ते पैसे न मिळाल्याचं दुःख किती केलंय ते मी बघितलंय.

खाडीपलीकडे
ताई, एका मुलावरून कुठल्याच बाजूचं काही ठरत नाही. पण तुम्ही म्हणता ते खरंच घडतं. हुकलेला मुलगा चिडून जास्त अभ्यास करतो, किंवा खचतो. रेषेवरच्या उडीत हेही मिसळलेलं असतं. आपण ‘पैशाचा परिणाम’ म्हणतो तो खरं तर ‘यादीत नाव येणं विरुद्ध न येणं’ याचा परिणाम असतो. 1960 साली थिसलथ्वेट आणि कॅम्पबेल यांनी अमेरिकेत ही पद्धत पहिल्यांदा वापरली तीही अशाच गुणवत्ता स्पर्धेवर, आणि त्यांचा प्रश्न जाहीर कौतुकाचा होता.

राजापूर_मास्तर
तुम्ही सगळे नाव यादीत आलं म्हणजे पैसे मिळाले असं धरून चाललाय. एकदा आमच्या शाळेत येऊन बसा. पोर्टलवर नववीत नवा अर्ज, पुढे दरवर्षी नूतनीकरण. शाळेने तपासायचं, मग जिल्ह्याने. आधारवर नाव ‘दत्ताराम’, शाळेत ‘दत्ता’, झाला अर्ज परत. खातं आधारशी जोडलेलं नसेल तर पैसे अडकले. पावसाळ्यात लाइट आणि रेंज दोन्ही नाहीत आणि अंतिम तारीख डोक्यावर. हे सगळं शिकवण्याच्या वेळात करायचं, वर निवडणुकीची कामं. निवड झालेली किती मुलं दोन-दोन वर्षं पैशाची वाट बघतात!

देवगड_पालक
मास्तर, माफ करा, पण आमच्या मुलीचं नूतनीकरण शाळेने भरलंच नव्हतं. विचारलं तर म्हणाले साइट बंद होती. शेजारच्या गावातल्या शाळेतल्या सगळ्या मुलांचं झालं, तिथे साइट चालू होती का? सगळं खापर पोर्टलवर फोडू नका.

राजापूर_मास्तर
त्या शाळेत लिपिक आहे. आमच्याकडे ते पद किती काळ रिकामं आहे ते विचारा. घरचा वायफाय वापरून रात्री अर्ज भरलेत मी. पालकांना बँकेत जाऊन आधार जोडा म्हणून निरोप पाठवले तर ‘भात लावणी झाली की बघू’. मग दोष कोणाचा?

देवगड_पालक
लावणी सोडून यायचं तर घरी खायचं काय, हेही तुम्हीच सांगा. ज्यांचं उत्पन्न मर्यादेत आहे म्हणून शिष्यवृत्ती दिली, त्यांनीच एका दिवसाची मजुरी बुडवून तिसऱ्यांदा तालुक्याला जायचं. सुशिक्षित माणसाने असं बोलू नये.

बँकेतला_मालवण
दोघांनाही सांगतो, आधार खात्याला ‘जोडलेला’ असणं आणि अनुदान त्याच खात्यात येण्यासाठी ‘मॅप’ असणं या दोन गोष्टी आहेत. मुलाची दोन खाती असली की पैसे दुसऱ्याच खात्यात जाऊन पडतात आणि घरी वाटतं आलेच नाहीत. पासबुक दोन्ही ठिकाणचं भरून बघा आधी.

खाडीपलीकडे
भांडण थांबवा म्हणत नाही, पण हा आकडा कुणीच मोजलेला नाही आणि मोजायलाच हवा. समजा रेषेच्या वरच्या दहापैकी सात मुलांना पैसे खरंच पोचले आणि खालच्या दहापैकी एकाला, इतर कुठल्या मार्गाने. म्हणजे रेषेवर पैसे मिळण्याची उडी दहात सहाची. दहावीत उडी 1.2 टक्के दिसली, तर ज्याला रेषेमुळे पैसे मिळाले त्याच्यावरचा परिणाम 1.2 भागिले 0.6, म्हणजे 2 टक्के. मास्तरांची तक्रार खरी असेल तर चिपळूणकरांचा आकडा पैशाबद्दल नव्हे, पोर्टलबद्दल बोलतोय. मात्र ‘नाव येण्याचा’ मानसिक परिणाम वेगळा असेल, तर हा भागाकारही जसाच्या तसा चालत नाही.

आकडेमोड_चिपळूण
घरबसल्या चुका काढणं सोपं असतं. मी शाळाशाळांतून फिरून हा डेटा आणला, तुम्ही काय आणलंत? 2021 काढून टाकतो. संवर्गाचा रकाना माझ्याकडे आहे, तो वापरतो. पण सारथीच्या नावाखाली निकाल झाकू नका. मराठा-कुणबी सोडून बाकीची मुलं आहेतच की, तिथेही फरक नाही.

खाडीपलीकडे
ती किती उरतात? दोन्ही बाजूंना 40-40 धरा, आणि मुलामुलातला दहावीचा चढउतार 10 टक्क्यांचा. फरकातली योगायोगाची चूकच सव्वादोन टक्क्यांच्या आसपास जाते, आणि फरक खरा मानायला तो तिच्या साधारण दुप्पट तरी दिसावा लागतो. म्हणजे खरा परिणाम चार टक्क्यांचा असला तरी तुमच्या आकड्यांत तो लपून राहू शकतो. ‘फरक दिसला नाही’ आणि ‘फरक नाही’ यांत हे अंतर आहे. तुम्ही फिरलात याबद्दल आदर आहे, म्हणून तर तो डेटा वाया जाऊ नये असं वाटतं.

माझं ऐकाल तर वरची रेषा सोडा आणि 72 वर जा. तिथे 71 वाल्या कुणबी मुलाला शून्य आणि 72 वाल्याला, अर्ज केला तर, 9,600. खरी उडी तिथे आहे. आणि सारथीत न बसणाऱ्या मुलांना 72 वर काहीच मिळत नाही, त्यामुळे त्यांच्यात तिथे उडी दिसायला नको. दिसली तर तुमच्या मोजणीतच काहीतरी गडबड आहे हे कळेल. उत्तरपत्रिका ओएमआर, म्हणून ढकलपास करायला वावही नाही. तरीही 70, 71, 72, 73 वर किती मुलं आहेत ते मोजून घ्या. 72 वर अचानक गर्दी असेल तर थांबा.

कुडाळचा_संख्याशास्त्री
72 वरची मुलं आणि गुणवत्ता यादीच्या तोंडावरची मुलं सारखी नाहीत. तिथला परिणाम इथे लागू होणार नाही.

खाडीपलीकडे
नाही होणार. ते उत्तर 72 च्या आसपासच्या मुलांचंच असेल, आणि बहुधा गरज त्यांनाच जास्त आहे.

रत्नांग्रीकर
एवढं सगळं कशाला? कोकण बोर्ड स्थापनेपासून राज्यात पहिलं. शिष्यवृत्ती असो नसो, आमची मुलं पास होतातच.

राजापूर_मास्तर
पास होतात म्हणूनच पास-नापास घेऊन इथे काही कळणार नाही, टक्केच बघावे लागतील. चिपळूणकर, एक विचारतो. आठवीनंतर काही मुलं मुंबईला काकाकडे जातात, दहावी तिकडच्या शाळेतून देतात. आमच्या निकालपत्रकात त्यांची नावंच नसतात. पैसे मिळाले की मूल गावात राहतं की उलट जायला बळ मिळतं, हे मलाही सांगता येत नाही. तुमच्या यादीतून गळालेली मुलं रेषेच्या कुठल्या बाजूची जास्त आहेत?

आकडेमोड_चिपळूण
ती मी सरळ वगळली होती. दोन्ही बाजूंची वेगळी मोजून 72 च्या आकड्यांबरोबर इथेच टाकतो. प्रयोगशाळेबद्दलचं माझं मत तेवढ्याने बदलणार नाही.