व्होल्करांच्या काळातला हिशोब

> महागाई एक टक्का उतरवायला नेमकं किती उत्पादन गमवावं लागतं?

अमेरिकेचाच हिशोब मांडून बघा. तिथल्या मध्यवर्ती बँकेचे, म्हणजे फेडचे, तेव्हाचे अध्यक्ष पॉल व्होल्कर यांनी व्याजदर ताणल्यावर महागाई १९८१ च्या १०.३ टक्क्यांवरून १९८५ मध्ये ३.६ वर आली, म्हणजे ६.७ ने उतरली. नेहमीची बेकारी ६ टक्के धरली, तर १९८२ ते ८५ या चार वर्षांची जादा बेकारी मिळून साधारण १० भरते. बेकारी एक टक्का वाढली की उत्पादन साधारण दोन टक्के घटतं, या ओकनच्या नियमाने ती दुप्पट केली, की एका वर्षाच्या जीडीपीच्या २० टक्के उत्पादन बुडालं. भागिले ६.७, म्हणजे महागाई एक टक्का उतरवायची किंमत, अर्थात सॅक्रिफाइस रेशो, सुमारे ३.

पण नेहमीची बेकारी ६.५ धरा, उत्तर थेट २.४ वर येतं! म्हणून मी या आकड्यावर डोळे झाकून विसंबत नाही. शिवाय तो सरासरीच सांगतो. घरं खपेनात म्हणून बिल्डरांनी फेडला पोस्टाने लाकडाचे तुकडे पाठवले होते, त्यांचा वाटा त्यात वेगळा दिसत नाही.