स्क्रीनशॉटवरचं नाव म्हणजे पुरावा नव्हे

> घोडबंदर रोडचा फ्लॅट सोडला. डिपॉझिटमधून ४० हजार कापायला मी होकार दिला असा व्हॉट्सॲप स्क्रीनशॉट मालक दाखवतायत. मी असं लिहिलेलंच नाही. काय करू?

फॉन्ट, रंग, निळ्या टिका बघत बसू नका. व्हॉट्सॲप वेबवर ब्राउझरमध्येच मेसेजचा मजकूर बदलून स्क्रीनशॉट काढता येतो, आणि तो पिक्सेलपर्यंत अस्सलच दिसतो. त्याहून सोपी युक्ती म्हणजे दुसरंच सिम तुमच्या नावाने सेव्ह करणं. वर दिसतं ते त्यांनी सेव्ह केलेलं नाव, तुमचा नंबर नाही.

म्हणून चित्र नको, फोन दाखवा म्हणा. चॅटच्या यादीतून सुरुवात करायची, नावावर टॅप करून नंबर बघायचा, मग त्या मेसेजपर्यंत स्क्रोल करायचं, आणि हे सगळं सलग रेकॉर्ड करायचं. होकार एखाद्या मेसेजला रिप्लाय म्हणून असेल, तर वरच्या चौकटीवर टॅप करा, मूळ मेसेज उघडायला हवा. त्यांच्या प्रश्नाचं ‘मेसेज इन्फो’ही बघा, तो कधी पोचला आणि वाचला हे तिथे कळतं.

तुमच्या फोनवर तो मेसेज नाही, एवढ्याने मात्र भागणार नाही. ‘डिलीट फॉर मी’ केलं तर मागे खूणही राहत नाही, हे समोरचा वकील म्हणेलच. तरी चॅट आहे तशी ठेवा. एक्स्पोर्टची फाइल साधा मजकूर असते, तीही बदलता येते.

प्रकरण कोर्टात गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचं प्रमाणपत्र मागा. सही करणाऱ्याला उपकरणाची माहिती आणि हॅश, म्हणजे फाइल जराही बदलली तर बदलणारा तिचा डिजिटल ठसा, द्यावा लागतो.