दोन गुगल ड्राइव्ह खाती एक करायची आहेत, वाटलेल्या लिंक्स तुटू नयेत – मदत हवी आहे

शब्दवेल्हाळ:
नमस्कार मंडळी. माझी दोन वैयक्तिक गुगल खाती आहेत. जुन्या ड्राइव्हमध्ये साधारण ९ जीबी आहे, नव्यात ८ जीबी. जुनं खातं बंद करून सगळं नव्यात आणायचं आहे. अडचण अशी की मी शिकवण्यासाठी बनवलेली टिपणं दोन्ही खात्यांतून वाटली आहेत. त्यातल्या बऱ्याच लिंक्स छापील पुस्तिकांमध्ये क्यूआर कोड म्हणून गेल्या आहेत. छापलेला कोड मला आता बदलता येणार नाही, म्हणून लिंक टिकणं सगळ्यात महत्त्वाचं. शिवाय तीच पीडीएफ दोन्हीकडे असं खूप ठिकाणी झालं आहे. फुकट मिळणारी जागा १५ जीबी, म्हणजे दुहेरी प्रती काढल्याशिवाय सगळं मावणारही नाही. सुरुवात कुठून करू?

निळाई:
मी माझ्या फोटोंसाठी हेच केलं. एक्स्पोर्ट करून सगळं डाउनलोड केलं, दुसऱ्या खात्यात चढवलं आणि एकसारख्या फाइल्स शोधणाऱ्या प्रोग्रॅमने जुन्या प्रती उडवल्या. एका संध्याकाळचं काम आहे.

शब्दवेल्हाळ:
निळाई, तुमचे फोटो कुणाला लिंकने दिले होते का?

निळाई:
नाही, ते फक्त घरच्यांसाठी होते. लिंकचा भाग माझ्या डोक्यातच आला नाही.

आडवळण:
डाउनलोड-अपलोडची गरजच नाही. जुन्या खात्यातला मुख्य फोल्डर नव्या खात्याशी शेअर करा आणि नव्या ड्राइव्हमध्ये त्याचा शॉर्टकट ठेवा. सगळं एका जागी दिसतं, लिंक्स तशाच राहतात आणि नव्या खात्याची जागाही खर्च होत नाही. मी तसंच वापरतोय.

जुनाजाणता:
आडवळण, तुमची रीत जुनं खातं जिवंत असेपर्यंतच चालेल. मालकी जुन्याच खात्याकडे राहते आणि खातं गेलं की फाइलही जाते. वैयक्तिक खातं दोन वर्षं वापरलं नाही तर गुगल ते काढून टाकू शकतं, म्हणून नुसतं पडून ठेवणंही धोक्याचं.

शब्दवेल्हाळ, तुमच्या कामाची किल्ली फाइलच्या आयडीत आहे. लिंक उघडून पाहा:

```
https://drive.google.com/file/d/FILE_ID/view
```

लिंकमध्ये फाइलचं नाव नसतं, फोल्डरही नसतो. `/d/` नंतरची जी लांबलचक अक्षरं आहेत तीच फाइलची ओळख. नाव बदला, दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवा, मालक बदला, आयडी तोच राहतो. कॉपी केली किंवा पुन्हा अपलोड केली की नवा आयडी मिळतो आणि क्यूआर कोड जुन्याकडेच बोट दाखवत राहतो. म्हणून फाइल्स 'आणायच्या' नाहीत, मालकी हस्तांतरित करायची.

जुन्या खात्यात फाइलच्या शेअर खिडकीत नव्या खात्याला एडिटर करा आणि त्याच्या नावापुढच्या यादीतून `Transfer ownership` निवडा. नव्या खात्याला विनंती जाते आणि ती स्वीकारेपर्यंत मालकी बदलत नाही. राहिलेल्या विनंत्या नव्या ड्राइव्हच्या शोधपट्टीत `pendingowner:me` लिहून सापडतात. फोल्डरची मालकी दिली म्हणजे आतल्या फाइल्सची गेली असं होत नाही, त्या वेगळ्या द्याव्या लागतात. इथेच बहुतेक जण फसतात. आधी एका पीडीएफवर करून बघा आणि मगच बाकीच्यांना हात लावा.

शब्दवेल्हाळ:
हे फारच मोलाचं सांगितलंत. पण दुहेरी प्रतींचं काय? दोन्हींपैकी जुनी तारीख असलेली काढू?

जुनाजाणता:
तारीख बघून अजिबात काढू नका. कोणता आयडी बाहेर गेला आहे ते बघून ठरवा. क्यूआर जुन्या प्रतीचा असेल तर जुनीच ठेवायची, नवी कितीही नीटनेटक्या फोल्डरमध्ये असली तरी. आपोआप साफ करणारे प्रोग्रॅम नेमकं हेच बघत नाहीत.

मी `rclone` हा कमांड लिहून चालवायचा प्रोग्रॅम वापरतो. दोन्ही खाती त्यात `juna` आणि `nava` नावांनी जोडा आणि याद्या काढा:

```
rclone lsf juna: -R --files-only --format "hip" > juna.txt
rclone lsf nava: -R --files-only --format "hip" > nava.txt
sort juna.txt nava.txt > donhi.txt
```

प्रत्येक ओळीत आधी मजकुराचा ठसा, मग आयडी, मग फाइलचा मार्ग येतो. ठसा तोच असेल तर फाइल अक्षरन् अक्षर तीच, नाव वेगळं असलं तरी. सॉर्ट केल्यामुळे अशा जोड्या एकाखाली एक येतात. आता छापील लिंक्समधले आयडी या यादीत शोधा आणि त्या ओळींवर खूण करा. जोडीतल्या एकीवर खूण असेल तर दुसरी काढा. दोन्हींवर असेल तर दोन्ही ठेवा, थोडी जागा गेली तरी चालेल. गुगल डॉक्सच्या ओळींत ठसा रिकामा दिसेल, त्या डोळ्यांनीच बघाव्या लागतात.

आडवळण:
काढल्यावर लिंक तुटली का हे तपासायला सोपं आहे. फाइल ट्रॅशमध्ये टाका आणि दुसऱ्या कुणाला लिंक उघडायला सांगा. उघडली म्हणजे ती लिंक या फाइलची नाही.

जुनाजाणता:
नाही हो, ही खात्री फसवी आहे. ट्रॅशमधली शेअर केलेली फाइल कायमची पुसली जाईपर्यंत इतरांना उघडता येते. ३० दिवसांनी ट्रॅश आपोआप रिकामा होतो आणि तेव्हा ती लिंक मरते. आयडीची यादीच खरी.

शब्दवेल्हाळ:
आज दहावीच्या व्याकरणाच्या फोल्डरपासून सुरुवात केली. 'संधी-सराव' ही पीडीएफ दोन्हीकडे होती, पण ठसे वेगळे निघाले. नव्या खात्यात मी चुका दुरुस्त केलेली प्रत आहे आणि क्यूआर जुन्या प्रतीचा आहे!

जुनाजाणता:
यावर छान उपाय आहे. जुन्या फाइलवर `Manage versions` उघडा आणि दुरुस्त पीडीएफ नवी आवृत्ती म्हणून चढवा. आयडी जुनाच, मजकूर नवा. मग त्या फाइलची मालकी द्या आणि नव्या खात्यातली वेगळी प्रत काढा.

शब्दवेल्हाळ:
झालं! कोड स्कॅन केला, दुरुस्त पान उघडलं. पण त्याच फोल्डरमधली आणखी एक फाइल मालकी बदलून मी 'व्याकरण-एकत्र' मध्ये हलवली आणि तिचा कोड आता परवानगी मागतो. आयडी तर तोच आहे.

जुनाजाणता:
त्या फाइलला 'लिंक असलेल्या कुणालाही' ही परवानगी बहुधा जुन्या फोल्डरकडून मिळत होती. फोल्डर सुटला की तीही सुटते. फाइलला स्वतःची परवानगी द्या आणि लॉगिन नसलेल्या खाजगी विंडोत उघडून बघा. तुमच्या स्वतःच्या खात्यातून ती नेहमीच उघडेल, त्यावरून काहीच कळत नाही.

निळाई:
माझा एक भाबडा प्रश्न. ऑफिसच्या खात्यातून वैयक्तिक खात्यात अशी मालकी देता येते का?

जुनाजाणता:
नाही, संस्थेच्या खात्याबाहेर मालकी जात नाही. तिथे कॉपीच करावी लागते आणि नवी लिंक वाटावी लागते.

शब्दवेल्हाळ:
परवानगी दिली, कोड चालला. एक गोष्ट मात्र अडली आहे. 'समास' हा गुगल डॉक दोन्ही खात्यांत आहे, दोन्हींच्या लिंक्स छापल्या आहेत आणि दोन्हींत विद्यार्थ्यांनी वेगवेगळ्या टिप्पण्या लिहिल्या आहेत. डॉकला `Manage versions` दिसत नाही.

जुनाजाणता:
दोन डॉक टिप्पण्यांसकट एक करायची रीत मला सापडलेली नाही. मजकूर चिकटवता येतो, टिप्पण्या आणि जुना इतिहास आपापल्या आयडीतच राहतात. मी दोन्ही ठेवले असते, दोन्हींची मालकी नव्या खात्याकडे घेतली असती आणि एकात वरती दुसऱ्याची लिंक दिली असती.

जुनं खातं बंद करण्याआधी तिथे `owner:me` शोधा. काहीही उरलेलं दिसलं तर थांबा. खातं गेल्यावर नव्यात `is:unorganized owner:me` शोधा, ज्यांचा फोल्डर हरवला आहे अशा फाइल्स तिथे सापडतील.

आडवळण:
शॉर्टकटवाला मीही आता मालकी द्यायला घेतली आहे. फोल्डरमधल्या फाइल्स खूप आहेत. एकदम निवडून विनंती पाठवता येते की एकेकीची पाठवावी लागते? कुणी मोठ्या फोल्डरवर करून पाहिलं असेल तर लिहा.