लॅडर नेटवर्कमधल्या मधल्या रेझिस्टरचा करंट: सोर्स ट्रान्सफॉर्मेशनने ३ अँपिअर येतोय, दिलेलं उत्तर २ आहे. मदत हवी आहे

मृण्मयी

सर्किट शब्दांत सांगते. डावीकडे ३६ व्होल्टचा सोर्स, त्याच्या सिरीजमध्ये R1 = ६ ओहम, मग नोड अ. अ पासून खालच्या तारेपर्यंत R2 = १२ ओहम. अ आणि ब यांच्या मध्ये R3 = ४ ओहम. ब पासून खाली R4 = ८ ओहम. ब च्या पुढे R5 = २ ओहम आणि त्याला लागून R6 = ६ ओहम, तो खालच्या तारेला मिळतो. विचारलाय फक्त R3 चा करंट, आणि पद्धत सोर्स ट्रान्सफॉर्मेशनचीच हवी आहे.

मी डावीकडून सुरुवात केली. ३६ व्होल्ट आणि ६ ओहमचे झाले ६ अँपिअर, पॅरललमध्ये ६ ओहम. ६ आणि १२ पॅरलल म्हणजे ४ ओहम. परत व्होल्टेज सोर्स केला: २४ व्होल्ट, सिरीजमध्ये ४ ओहम. त्यात R3 चे ४ मिळवून ८ ओहम. पुन्हा करंट सोर्स केला की ३ अँपिअर, पॅरललमध्ये ८ ओहम. R3 सिरीजमध्येच होता, म्हणून त्याचा करंट ३ अँपिअर धरला. उत्तरात २ दिलंय. आकडे सगळे पुन्हा तपासले, बेरीज-भागाकार बरोबर आहेत. मग नेमकं कुठल्या पायरीला बिनसतंय?

कपिल२७

३ अँपिअर हा सोर्सचा करंट आहे, रेझिस्टरचा नाही. तिथे करंट डिव्हायडर लावायला हवा. उजवीकडे R4 चे ८ आणि R5, R6 मिळून ८, म्हणजे पॅरललमध्ये ४ ओहम. ३ अँपिअर आता ८ आणि ४ मध्ये वाटला जाणार. ८ च्या वाट्याला ३ × ४ / १२ = १ अँपिअर. R3 त्या ८ मध्येच आहे, म्हणून R3 चा करंट १ अँपिअर. दिलेलं उत्तर छापताना चुकलं असावं.

अरुणोदय

दिलेलं उत्तर बरोबर आहे. कपिल, डिव्हायडर लावायचा हे तुझं अगदी योग्य, वाटणीही बरोबर केलीस. फक्त आपल्याला हवा तो भाग दुसरा आहे. त्या ८ ओहममधून १ अँपिअर जातो आणि उरलेले २ अँपिअर उजवीकडे बाहेर पडतात. R3 चा करंट म्हणजे हे बाहेर पडणारे २.

कारण असं. सोर्स बदलताना दोन टोकांच्या बाहेरचं काहीच बदलत नाही: टोकांवरचं व्होल्टेज तेच, टोकांतून निघणारा करंट तोच. टोकांच्या आत मात्र सगळं नवीन असतं. करंट सोर्सला पॅरलल असलेला ८ ओहम हा R3 नाही. त्याची किंमत ठरवताना R1, R2, R3 तिघे खपले. मूळ सर्किटमध्ये असा रेझिस्टर शोधायला गेलीस तर सापडणार नाही, मग त्याच्या करंटला R3 चा करंट कसं म्हणणार? आणि तुझे ३ अँपिअर म्हणजे नोड ब थेट खालच्या तारेला शॉर्ट केला असता तर R3 मधून गेला असता तो करंट. आपल्या सर्किटमध्ये ब शॉर्ट नाही.

R3 मूळ सर्किटमध्ये ब च्या डावीकडे सिरीजमध्ये होता, म्हणून त्यातून जाणारा करंट ब मध्ये शिरणाऱ्या करंटाइतकाच. या गणितात तो असा परत मिळाला. पण माझा सल्ला असा की ज्या रेझिस्टरचा करंट हवा आहे त्याभोवती आधी पेन्सिलने चौकट काढ आणि त्याला शेवटपर्यंत हात लावू नकोस. डावीकडून २४ व्होल्ट आणि ४ ओहमवर थांब. उजवीकडून २ आणि ६ मिळून ८, ते R4 च्या ८ बरोबर पॅरलल, म्हणजे ४. मध्ये R3 जसाच्या तसा. एकच लूप उरलं: २४ / (४ + ४ + ४) = २ अँपिअर. लॅडर दोन्ही बाजूंनी आत गुंडाळत यायची, एकाच बाजूने टोकापर्यंत नाही.

मृण्मयी

आता कळलं, धन्यवाद सर. याच सर्किटमध्ये R1 चा करंटही काढायला सांगितला तर? तो तर पहिल्याच पायरीला संपतो.

अरुणोदय

मग मागे यायचं. R3 मधून २ अँपिअर जातात, म्हणजे नोड अ चं व्होल्टेज २४ − २ × ४ = १६. आता मूळ चित्र समोर घे. R1 च्या एका टोकाला ३६, दुसऱ्याला १६, म्हणून २० / ६, साधारण ३.३३ अँपिअर. बदललेल्या चित्रातल्या ६ ओहमवर १६ व्होल्ट आहेत आणि त्यातून २.६७ जातात. किंमत सारखी ६, करंट वेगळा. पॉवरही वेगळी: मूळ R1 मध्ये सुमारे ६६.७ वॉट, बदललेल्या ६ ओहममध्ये ४२.७. म्हणून रेझिस्टरची पॉवर विचारली असेल तर आकडा मूळ चित्रावरूनच काढायचा.

भाऊकाका

पडताळा घ्यायचा असेल तर उजव्या टोकाकडून या. R6 मध्ये १ अँपिअर आहे असं समजा. R5 आणि R6 वर मिळून ८ व्होल्ट, म्हणजे ब वर ८. R4 मध्येही १ अँपिअर. R3 मध्ये दोन्ही मिळून २, त्यावर ८ व्होल्ट, म्हणून अ वर १६. R2 मध्ये १.३३, R1 मध्ये ३.३३, त्यावर २० व्होल्ट, आणि सोर्स आला ३६. बरोब्बर जुळला. समजा सोर्स ७२ असता तर सगळे करंट दुप्पट केले की झालं. एकच सोर्स असलेल्या लॅडरला मी हीच पद्धत वापरतो, सोर्स बदलत बसत नाही.

अरुणोदय

एका सोर्सला ही पद्धत जास्त चटकन होते, मान्य. पण नोड ब ला आणखी एक करंट सोर्स जोडला की १ अँपिअर धरून सरळ गुणता येत नाही. तिथे दोन्ही बाजूंनी गुंडाळणं मला सोपं वाटतं.

तन्वी

माझंही असंच अडलंय, म्हणून इथेच विचारते. १२ व्होल्टचा सोर्स, थेट त्याच्या दोन टोकांवर १० ओहम, आणि पुढे सिरीजमध्ये ३ ओहम. मी १२ / १० = १.२ अँपिअर असा करंट सोर्स केला आणि पुढे सगळंच चुकलं. तुमच्यासारखंच मागे यायचं का?

अरुणोदय

तुझा प्रश्न वेगळा आहे, तन्वी. आदर्श व्होल्टेज सोर्सच्या थेट टोकांवर लावलेला रेझिस्टर पुढच्या सर्किटला दिसतच नाही, टोकांवर १२ व्होल्ट राहणारच. बदलायला सोर्सच्या सिरीजमधला रेझिस्टर लागतो, तो इथे ३ ओहम. म्हणून ४ अँपिअर, पॅरललमध्ये ३ ओहम. १० ओहमचे १.२ अँपिअर सोर्सच्या एकूण करंटमध्ये शेवटी मिळवायचे, तोवर तो बाजूला.

कपिल२७

मृण्मयीच्या सर्किटमध्ये R4 च्या जागी डिपेंडंट करंट सोर्स असेल, R1 च्या करंटच्या दुप्पट, तर? R1 गुंडाळला तर तो करंटच हरवतो ना?

अरुणोदय

हरवतो. गुंडाळायच्या आधी R1 चा करंट नोड अ च्या व्होल्टेजमध्ये लिहून ठेवायचा: (३६ − अ चं व्होल्टेज) / ६. नोड अ शिल्लक राहतो, त्यामुळे गणित सुटतं. पण सोर्सची दिशा काय आहे त्यावर पुढचं सगळं अवलंबून. चित्र टाक, मग बघू.

भाऊकाका

तिथे मी सरळ नोडचीच दोन समीकरणं लिहीन. इतकी खटपट करून सोपं काय झालं?

कपिल२७

चित्र संध्याकाळी टाकतो.