नंबर मागण्यापेक्षा आपला द्या

"ट्रेकला ओळख झालेल्या मुलीचा नंबर कसा मागू? पहिला मेसेज काय टाकू?"

चारचौघांसमोर विचारू नका, नाही म्हणणं अवघड जातं. बसमध्ये चढायच्या आधी बाजूला सरळ म्हणा, "तुमच्याशी बोलायला आवडलं. माझा नंबर देऊ का?" म्हणजे निर्णय तिच्या हातात राहतो. "बघू" म्हणाली तर विषय तिथेच संपला. ट्रेकच्या ग्रुपमधून नंबर उचलणं तर अजिबात नको.

तिने स्वतःचा नंबर दिला, तर त्याच संध्याकाळी नाव सांगून लिहा: "राजगडला संजीवनी माचीवर बोललो होतो. नीट पोचलात ना? तोरण्याची वाट अळू दरवाजातूनच उतरते, असं म्हणालात ना?" नुसत्या "हाय"ला उत्तर काय द्यायचं, तेच कळत नाही. आणि उत्तर आलं नाही, तर दुसरा मेसेज नको.