शके, हिजरी, संवत आणि इंग्रजी तारखा एकाच तक्त्यात: कुठलं कॅलेंडर धरायचं?

पाटीपेन्सिल: शाळेच्या व्हरांड्यात सतराव्या शतकातल्या पाच जणांच्या जन्ममृत्यूचा एक मोठा तक्ता लावायचाय. शिवाजी महाराज, संभाजी महाराज, रामदास स्वामी, औरंगजेब आणि गुरू गोविंदसिंगजी (शाळा नांदेडजवळ आहे म्हणून). नोंदी शकात, हिजरीत नि विक्रम संवतात आहेत. इसवी सनात आणायला गेले तर रामदासांचं एका पुस्तकात १६८१, दुसऱ्यात १६८२, गोविंदसिंगजींचा जन्म कुठे १६६६ कुठे १६६७. नेमकं काय लिहू?

हिशेबी_हणमंत: ताई एवढं अवघड नाहीये हो, शकात ७८ मिळवा, संवतातून ५७ वजा करा, आणि हिजरीला आकडा भागिले ३३ करून तेवढं वजा करायचं मग ६२२ मिळवायचे. पाच जण आहेत, दहा मिनिटांचं काम. मी माझ्या मुलाला असंच शिकवलंय.

मोडीचा_मुंजा: हणमंतराव, ताईंचा १६८१ नेमका याच हिशेबातून आलाय. रामदासांचा मृत्यू माघ वद्य नवमी शके १६०३. शक चैत्रात सुरू होतो, माघ येईस्तोवर इंग्रजी वर्ष उलटलेलं असतं, म्हणून तिथे ७९ मिळवायला पाहिजेत, १६८२. चैत्रापासून मार्गशीर्षापर्यंत ७८ बिनधास्त, माघ-फाल्गुनाला ७९, आणि पौष असेल तर तिथी बघितल्याशिवाय बोलू नये. शिवाजी महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया शके १५५१, तुमच्या सूत्राने १६२९ येईल, आणि ते भिंतीवर लागलं तर संध्याकाळपर्यंत तक्ता राहणार नाही.

हिजरीचंही तेच. औरंगजेब गेला २८ जिल्काद १११८ ला. १११८ भागिले ३३ म्हणजे ३४ धरा, वजा केले, ६२२ मिळवले, आले १७०६. पण जिल्काद हा अकरावा महिना, ते हिजरी वर्ष १७०६ च्या एप्रिलात सुरू झालेलं, त्यामुळे खरं साल १७०७. सूत्र अंदाजाला ठीक आहे, तक्त्यावर छापायला नाही.

हिशेबी_हणमंत: बरं माघ-फाल्गुनाचं मान्य, विसरलो होतो. पण गोविंदसिंगजींचं तर बरोबर येतं ना, संवत १७२३ वजा ५७, १६६६!

मोडीचा_मुंजा: अर्धं बरोबर. पोह सुदी सप्तमी संवत १७२३ म्हणजे २२ डिसेंबर १६६६, पण ज्युलियन, म्हणजे जुन्या इंग्रजी कॅलेंडरची. आजचं ग्रेगोरियन धरलं तर दहा दिवस पुढे जाऊन १ जानेवारी १६६७. दोन्ही पुस्तकं खरी आहेत, कुठलं कॅलेंडर ते सांगितलेलं नसतं एवढंच. (सुदी म्हणून आपण सुटलो, वदी असती तर उत्तरेचा महिना आपल्यापेक्षा एक नाव पुढे असतो, तो आणखी एक खड्डा.)

तिथीप्रेमी: मला मुळात हा अट्टहासच पटत नाही. रायगडावर कोणी १६८० साल जगलं नाही, ते शके १६०२ रौद्र संवत्सर जगले. औरंगजेबाच्या दरबारात १७०७ कोणाला ठाऊक होतं? जशी नोंद आहे तशी लिहा, शेजारी कॅलेंडरचं नाव लिहा, संपलं. आधी आपण इंग्रजी तारखेत आणतो, मग इंग्रजी तारखेवरून भांडतो.

स्प्रेडशीट_सदू: अहो पण मग तो तक्ता कसला, ती नुसती यादी झाली. संभाजी महाराज गेले शके १६१० ला आणि औरंगजेब गेला १११८ ला, हे वाचून सातवीतलं पोर काय समजणार, की औरंगजेब पाचशे वर्षं आधी मेला? तुलना करायची तर सगळे एकाच पट्टीवर आणावेच लागतात. आणि वयाचं काय करणार? औरंगजेब जन्मला १५ जिल्काद १०२७ ला, गेला २८ जिल्काद १११८ ला, वजाबाकी केली की ९१ वर्षं. पण हिजरी वर्ष ३५४ दिवसांचं, सूर्याच्या वर्षात ते होतात ८८ वर्षं चार महिने. एका ओळीत चांद्र वय आणि खालच्या ओळीत सौर वय लिहिलं तर तो तक्ता चुकीचाच आहे, नोंदी कितीही अस्सल असोत.

तिथीप्रेमी: वयाचा मुद्दा घेतला. पण मूळ नोंद तक्त्यातून जाता कामा नये यावर मी ठाम आहे.

परभणीकर: माझाही असाच प्रश्न आहे, पणजोबांच्या मृत्यूची नोंद निजामाच्या काळातल्या कागदावर "१३४७ फसली, बहमन" अशी आहे, तलाठी म्हणतो हे हिजरीच आहे, मग १९२८-२९ येतं, पण घरचे म्हणतात ते त्याच्या बऱ्याच नंतर गेले. वारसाच्या कामाला पाहिजे होतं.

मोडीचा_मुंजा: विषय वेगळा आहे पण सांगतो. हिजरी नाही ते, हैदराबादी फसली. वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला आझूर महिन्याने उघडतं. आझूर, दै असेल तर ५९० मिळवा, इस्फंदारपासून पुढे ५९१. तुमचा बहमन मधोमध येतो, डिसेंबरात सुरू होऊन जानेवारीत संपणारा, म्हणजे डिसेंबर १९३७ किंवा जानेवारी १९३८. कागदावर दिवसाचा आकडा असला तर निकाल लागेल, नीट बघा.

परभणीकर: आकड्यावर डाग आहे नेमका. बघतो परत उन्हात धरून.

गडवाट: पण आधी महाराजांचा जन्म १६२७ की १६३० ते तरी ठरवा, तिथूनच घोळ आहे, कॅलेंडरच्या गप्पा नंतर.

मोडीचा_मुंजा: तो घोळ वेगळा दादा. शके १५४९ च्या वैशाखातली तिथी आणि शके १५५१ च्या फाल्गुनातली तिथी हा दोन साधनांमधला वाद आहे, दोन वेगळे दिवस. १९ फेब्रुवारी १६३० आणि १ मार्च १६३० हा मात्र एकच दिवस, दोन नावांनी. तक्त्यात हे दोन वाद एकाच रकान्यात कोंबले की वाचणाऱ्याला सगळंच संशयास्पद वाटायला लागतं. सरकारने १९ फेब्रुवारी १६३० घेतली आहे, तीच मांडा, दुसरी तळटीपेत.

एकच दिवस आहे हे कसं कळतं तेही सांगतो, कारण मला हा भाग फार आवडतो. जेधे शकावलीत तिथीबरोबर वार दिलाय, शुक्रवार. आजचं कॅलेंडर मागे मागे नेलं तर १९ फेब्रुवारी १६३० ला मंगळवार येतो. ज्युलियन १९ फेब्रुवारी घेतली, जी ग्रेगोरियन १ मार्च होते, की शुक्रवार बरोब्बर बसतो. मृत्यूचंही तसंच, चैत्री पौर्णिमा शके १६०२, शनिवार, आणि ज्युलियन ३ एप्रिल १६८० ला शनिवारच येतो. म्हणून नोंदीत वार असेल तर तो फेकू नका, तपासायला त्याच्याइतका स्वस्त साक्षीदार नाही.

स्प्रेडशीट_सदू: हेच मी म्हणणार होतो. ताई, एक्सेलमध्ये थेट तारीख टाकायच्या भानगडीत पडू नका, १९०० च्या आधीची तारीख तो तारीख म्हणून घेतच नाही, मजकूर समजतो, मग वजाबाकी नाही की क्रम नाही. प्रत्येक तारखेला ज्युलियन दिवसांक काढा, म्हणजे सलग मोजलेला दिवसाचा नंबर, कॅलेंडरशी त्याला घेणंदेणं नाही. महाराजांचा जन्म २३१६४६५, मृत्यू २३३४७७१, वजा केले की १८३०६ दिवस, पन्नास वर्षं दीड महिना. वार बघायला B2 मध्ये दिवसांक ठेवून

```
=MOD(B2,7)
```

० आला तर सोमवार, ४ शुक्रवार, ५ शनिवार. भिंतीवर मात्र ग्रेगोरियन तारखा छापा, पोरांना आजचं कॅलेंडरच माहितीये.

मोडीचा_मुंजा: दिवसांकाला शंभर टक्के. ग्रेगोरियन छापायला माझा विरोध. मराठी इतिहासाची जवळपास सगळी पुस्तकं ज्युलियन तारखा देतात, शिवजयंतीची सुट्टी १९ फेब्रुवारीला आहे, आणि तुम्ही शाळेत १ मार्च लावणार? पालक शास्त्र ऐकायला थांबणार नाहीत.

स्प्रेडशीट_सदू: म्हणजे लोक चिडतील म्हणून चुकीचं लावायचं?

मोडीचा_मुंजा: चुकीचं नाही, जुनं. आणि तुमचं ग्रेगोरियन तेव्हा इथे वापरात होतं ते गोव्यात पोर्तुगीजांकडे, मुंबई-सुरतेच्या इंग्रजांनी १७५२ पर्यंत घेतलं नाही. वर त्यांचं वर्ष २५ मार्चला बदलायचं. संभाजी महाराज गेले तो दिवस घ्या, फाल्गुन अमावास्या शके १६१०. गोव्यात त्या दिवशी २१ मार्च १६८९ लिहितील. मुंबईचा इंग्रज कारकून लिहील ११ मार्च १६८८, कारण त्याचं नवं वर्ष अजून लागायचंय. आपली पुस्तकं लिहितात ११ मार्च १६८९, दिवस ज्युलियन पण वर्ष जानेवारीपासून. एका दिवसाला इसवी सनाच्याच तीन तारखा. तेव्हा "इसवी सन" असा नुसता रकाना करू नका, वर ठळक लिहा: ज्युलियन, वर्षारंभ १ जानेवारी.

हिशेबी_हणमंत: म्हणजे रामदासांचं १६८१ इंग्रजांच्या हिशेबाने बरोबरच की! मी चुकलोच नव्हतो 😄

मोडीचा_मुंजा: इंग्रजांच्या हिशेबाने बरोबर, तुमच्या हिशेबाने चूकच, उत्तर जुळलं इतकंच.

तिथीप्रेमी: एवढं सगळं अचूक म्हणताय तर औरंगजेबाचं सांगा. तो शुक्रवारी गेला, त्याची तशी इच्छाच होती म्हणतात. २८ जिल्काद १११८ चे जे ३ मार्च १७०७ सगळीकडे छापतात, त्या दिवशी वार कुठला?

स्प्रेडशीट_सदू: थांबा काढतो. दिवसांक २३४४५९०, सातने भागून बाकी ३. गुरुवार.

तिथीप्रेमी: झालं?

मोडीचा_मुंजा: बरोबर पकडलंत. हिजरीचं रूपांतर कोष्टकाने करतात, महिना ३० मग २९ असा आलटून पालटून. प्रत्यक्षात महिना चंद्र दिसल्यावर लागायचा, त्यामुळे एक दिवसाचा फरक नेहमीचा. शुक्रवार खरा मानला तर ४ मार्च, ज्युलियन २१ फेब्रुवारी. वार धरावा की कोष्टक, यावर मी वाराच्या बाजूने आहे, पण छापील तारीख बदलण्याइतकी छाती नाही माझी. हिजरीच्या प्रत्येक तारखेपुढे "एक दिवस मागेपुढे" लिहा.

स्प्रेडशीट_सदू: मी ३ मार्चच ठेवेन. एका वारासाठी नियम मोडला की उद्या प्रत्येक ओळीला वेगळा नियम.

पाटीपेन्सिल: बापरे. बरं, मी असं करतेय: पहिला रकाना मूळ नोंद जशीच्या तशी, वारासकट. दुसरा ज्युलियन तारीख. वय सगळ्यांचं दिवसांकावरून सौर वर्षांत. गोविंदसिंगजींचा मृत्यू नांदेडचा, ७ ऑक्टोबर १७०८, ग्रेगोरियन १८ ऑक्टोबर, तो सरळ बसला. पण त्यांच्या जन्मापुढे मी १६६६ लिहिलं तर इथल्या गुरुद्वाऱ्यात जाणारी मुलं वाचणार, त्यांच्या घरी १६६७ असलं तर?

स्प्रेडशीट_सदू: म्हणून म्हणत होतो ग्रेगोरियन.

मोडीचा_मुंजा: १६६६ लिहा, कंसात १ जानेवारी १६६७ ग्रेगोरियन. एकाच ओळीला कंस लागतोय, लागू द्या.

तिथीप्रेमी: आणि पोह सुदी सप्तमी मोठ्या अक्षरात. त्यावर तरी कोणी भांडणार नाही.

परभणीकर: आकडा दिसला! १९ किंवा १७ बहमन आहे. आता?