सुकटीचा वास आणि अर्धशिशी

>> "सुकट भाजली की माझं डोकं उठतं, जाऊबाईंना काहीच होत नाही. असं का?"

ताई, दोष वासाचाच असेल असं नाही. अर्धशिशी दुखण्याच्या कितीतरी तास आधी, कधी आदल्या दिवशीच सुरू झालेली असते. भूक, तहान, झोप सांभाळणारा मेंदूतला हायपोथॅलॅमस तेव्हाच बिनसतो. म्हणून जांभया येतात, मान आखडते, वास नकोसे होतात. नंतर चेहऱ्याच्या, डोक्याच्या संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या ट्रायजेमिनल नसेची टोकं सीजीआरपी नावाचं रसायन सोडतात, मेंदूच्या आवरणातल्या नसा हुळहुळ्या होतात आणि ठणका लागतो. म्हणजे त्या दिवशी सुकट नेहमीपेक्षा उग्र वाटली, तर ते झटक्याचं पहिलं लक्षणही असू शकतं.

झटका येण्याचा उंबरठा बराचसा आनुवंशिक असतो, जाऊबाईंचा बहुधा उंच आहे. शिवाय तो रोज सरकतो. माझी मालवणची मावशी एरवी भर उन्हात मासे वाळत घालते, काही होत नाही. पण संकष्टीचा उपास आणि आदल्या रात्रीचं जागरण जुळून आलं, की तेच ऊन तिला झेपत नाही.

दोनेक महिने वहीत लिहा: झोप, जेवणाची वेळ, पाळी, आधीच्या जांभया. सुकट भाजूनही डोकं दुखलं नाही, ते दिवस तर नक्की लिहा. खरा उलगडा त्यांतूनच होतो.